उशिरा आलेला नाशवंत माल: पुरवठादाराला तक्रारीचा ई-मेल कसा लिहावा व क्रेडिट कसे मागावे



आपल्या मंडळाच्या वाचकांपैकी बरीच कुटुंबे अमेरिकेत लहानसे हॉटेल चालवतात, घरगुती केटरिंग करतात किंवा लग्नमुंजीच्या जेवणांची कंत्राटे घेतात. दूध, पनीर, भाजी असा नाशवंत माल उशिरा आला की काय करायचे, हा प्रश्न या सर्वांना कधी ना कधी पडतोच. बहुतेकजण फोनवर दोन शब्द सुनावतात, पुरवठादाराचा सेल्समन "बघतो, पुढच्या बिलात करून देतो" म्हणतो आणि पुढच्या बिलात काहीच होत नाही. महिन्याच्या शेवटी स्टेटमेंट येते तेव्हा कोणता माल, कोणत्या दिवशी, किती खराब होता हे कोणालाच आठवत नसते.

म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट नीट सांगणार आहोत. माल उशिरा व खराब आला तर त्याच दिवशी जो ई-मेल लिहायचा त्यात काय असावे, मागायची रक्कम कशी काढावी आणि त्याआधी दारात ट्रक उभा असताना काय करावे. कायद्याचे उल्लेख अमेरिकेपुरते आहेत. ब्रिटनमधील वाचकांसाठी शेवटी थोडे वेगळे लिहिले आहे.

उशीर वेगळा, खराबी वेगळी

तक्रारीत सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. माल उशिरा येणे ही एक तक्रार आहे आणि माल खराब अवस्थेत येणे ही दुसरी. दोन्ही एकाच ट्रकमधून येत असल्या तरी त्यांचे पैसे वेगवेगळ्या रीतीने मोजले जातात.

कांदे-बटाटे पाच तास उशिरा आले तर ते कांदे-बटाटेच राहतात. त्यांच्यासाठी क्रेडिट मागण्यात अर्थ नाही, आणि मागितले तर बाकीच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो. दूध वेळेवर आले पण कोमट असेल तर उशीर नसूनही ते परत करायलाच हवे. आणि दूध थंडगार आले पण बासुंदी आटवायची वेळ निघून गेल्यावर आले, तर माल चांगला असूनही नुकसान झालेले असते, कारण तुम्हाला दुसरीकडून महाग दूध आणावे लागले. ई-मेलमध्ये प्रत्येक वस्तूसमोर यातले नेमके काय झाले ते लिहावे लागते.

ट्रक दारात असताना

ई-मेल कितीही चांगला लिहिला तरी त्याचा पाया माल उतरवून घेतानाच्या दहा मिनिटांत घातला जातो. ड्रायव्हर घाईत असतो, इनव्हॉइस पुढे करतो, "इथे सही करा" म्हणतो. तुमचा माणूस सही करतो, आणि त्या कोऱ्या सहीचा अर्थ पुरवठादाराच्या ऑफिसात "सर्व माल पूर्ण व चांगल्या स्थितीत मिळाला" असा घेतला जातो. नंतर तुम्ही काहीही म्हटलेत तरी तो कागद पुढे येतो.

म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात.

पहिली म्हणजे वेळ लिहा. इनव्हॉइसवर, ड्रायव्हरच्या आणि तुमच्या दोन्ही प्रतींवर, ट्रक किती वाजता आला ते पेनने लिहावे.

दुसरी म्हणजे तापमान मोजा. अमेरिकेच्या एफ.डी.ए.च्या फूड कोडप्रमाणे थंड ठेवावा लागणारा नाशवंत पदार्थ ताब्यात घेताना ४१ अंश फॅरनहाइट (५ अंश सेल्सियस) किंवा त्याहून थंड असावा लागतो. दुधासारख्या काही वस्तूंना त्यांच्या स्वतंत्र नियमांप्रमाणे ४५ अंशांपर्यंत सवलत आहे. फूड कोड हा नमुना आहे, तो राज्ये व काउंट्या आपापल्या फेरफारांसह स्वीकारतात, त्यामुळे तुमच्या हेल्थ डिपार्टमेंटचा आकडा एकदा पाहून ठेवावा. ट्रकच्या भिंतीवरील काट्यावर किंवा खोक्यातल्या हवेवर विसंबू नका. पनीरची दोन पाकिटे एकमेकांवर ठेवून त्यांच्या मध्ये थर्मामीटरची सळई घट्ट धरावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. दुधाचा एक कॅन उघडून सळई आत बुडवावी. थर्मामीटर खरा आहे का हे कळायला तो बर्फाच्या पाण्यात धरावा, तिथे ३२ अंश दाखवले पाहिजेत. पुरवठादार पहिली शंका थर्मामीटरवरच घेतो, म्हणून ही तपासणी त्याच दिवशी करून लिहून ठेवलेली बरी.

तिसरी म्हणजे फोटो काढा. एका फोटोत पेटीवरचे लेबल व लॉट नंबर दिसावा आणि थर्मामीटरचा आकडाही दिसावा. नुसता कोमेजलेल्या कोथिंबिरीचा फोटो कोणत्याही दिवसाचा असू शकतो. लेबलासकट असेल तर तो त्याच मालाचा ठरतो.

मग जे घ्यायचे नाही ते इनव्हॉइसवर ओळीने लिहावे: "दूध ४ क्रेट, ५२ अंश, नाकारले." त्याखाली ड्रायव्हरची सही घ्यावी व नाकारलेला माल त्याच ट्रकमधून परत पाठवावा. ड्रायव्हर सही करायला तयार नसेल तर "ड्रायव्हरने सही नाकारली" असे लिहून वेळ टाकावी. भांडायची गरज नाही. त्याच्या समोरच पुरवठादाराच्या ऑफिसला फोन लावावा.

"उकळले की झाले" हा मोह

आपल्याकडे कोमट दूध म्हणजे फार मोठी गोष्ट वाटत नाही. उकळून घेऊ, बासुंदीच तर करायची आहे, असे मनात येते. पाहुणे दारात असतात, हातात दुसरे दूध नसते. तरीही दोन कारणांसाठी हा मोह टाळावा.

पहिले कारण आरोग्याचे. ते दूध किती तास कोमट होते हे तुम्हाला ठाऊक नसते. उकळल्याने जिवाणू मरतात, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस सारख्या जिवाणूंनी आधीच तयार केलेले विष उकळूनही तसेच राहते. वास व चव ठीक असली तरी ते असू शकते.

दुसरे कारण हिशोबाचे. अमेरिकेत वस्तूंच्या विक्रीला युनिफॉर्म कमर्शियल कोडचे दुसरे प्रकरण लागू होते (लुईझियाना सोडून इतर सर्व राज्यांनी ते स्वीकारले आहे). त्यानुसार माल पाहायची संधी मिळूनही तुम्ही वाजवी वेळेत तो नाकारला नाहीत, किंवा तो स्वतःचाच असल्यासारखा वापरलात, तर तुम्ही तो स्वीकारला असे धरले जाते. स्वीकारलेल्या मालाची किंमत द्यावी लागते. त्यानंतरही नुकसानभरपाई मागता येते, पण मग दूध किती खराब होते हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ते दूध तर पाहुण्यांच्या पोटात गेलेले असते.

नाकारलेला माल तुमच्याकडेच राहिला तर

कधी कधी खराबी ट्रक निघून गेल्यावर लक्षात येते किंवा ड्रायव्हर माल परत नेत नाही. रागाने तो लगेच कचऱ्यात टाकू नये. तुम्ही व्यापारी म्हणून खरेदी केली असेल आणि विक्रेत्याचा तुमच्या भागात कोणी प्रतिनिधी नसेल, तर नाकारलेल्या मालाबाबत त्याच्या वाजवी सूचना पाळणे हे कायद्याने तुमचे काम ठरते. तो माल फ्रीजमध्ये वेगळ्या फळीवर ठेवावा, त्यावर "वापरू नये, परत जाणार" अशी मोठी चिठ्ठी लावावी आणि ई-मेलमध्ये विचारावे: घेऊन जाणार की टाकून देऊ? उत्तरासाठी वेळ द्यावी, उदाहरणार्थ उद्या दुपारी बारापर्यंत. "टाकून द्या" असे उत्तर लेखी आले की फोटो काढून टाकावा.

एक उदाहरण: शुक्रवारचे साखरपुड्याचे जेवण

आता एक नमुन्याचे प्रकरण पूर्ण सोडवून पाहू. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, रीत तीच राहील.

न्यू जर्सीतले एक लहान मराठी हॉटेल. शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५ रोजी संध्याकाळी साडेसहाला साठ माणसांचे साखरपुड्याचे जेवण. बुधवारी माल मागवला आणि पुरवठादाराने शुक्रवारी सकाळी ७ ते १० ही वेळ लेखी कळवली. ही वेळ महत्त्वाची होती, कारण बासुंदी आटवायला तीनएक तास आणि ती नियमाप्रमाणे थंड करायला आणखी वेळ लागतो. फूड कोडप्रमाणे शिजवलेला पदार्थ १३५ अंशांवरून ७० अंशांवर दोन तासांत आणि तिथून ४१ अंशांवर पुढच्या चार तासांत यावा लागतो.

साडेदहाला फोन केला तर "ट्रक रस्त्यात आहे, बारापर्यंत येईल" असे उत्तर मिळाले. बारा वाजून गेले तरी ट्रक नाही. सव्वाबाराला हॉटेलने पुरवठादाराला लेखी कळवले की आता आजच्या जेवणापुरते दूध व पनीर दुसरीकडून आणत आहोत, आणि साडेबाराला जवळच्या घाऊक दुकानातून तेवढेच आणले. ट्रक आला दुपारी २:४० ला.

इनव्हॉइस असे होते:

दूध, ४ क्रेट, प्रत्येकी १९ डॉलर: ७६ डॉलर
पनीर, ५ पौंडी ४ पाकिटे, प्रत्येकी २४ डॉलर: ९६ डॉलर
कोथिंबीर, ६० जुड्यांची १ पेटी: ३३ डॉलर
कांदे, ५० पौंडी १ पोते: २८ डॉलर
बटाटे, ५० पौंडी १ पोते: २६ डॉलर
एकूण: २५९ डॉलर

तपासणीत दूध ५२ अंश व पनीर ५१ अंश निघाले. दोन्ही नाकारून ट्रकमधून परत पाठवले. कोथिंबिरीच्या जुड्या मोजल्या तेव्हा ६० पैकी २५ पिवळ्या व बुळबुळीत होत्या. कांदे-बटाटे चांगले होते, ते घेतले.

रक्कम कशी काढली

नाकारलेल्या मालाची पूर्ण किंमत: दूध ७६ आणि पनीर ९६, मिळून १७२ डॉलर.

कोथिंबिरीची पेटी ठेवून घेतली, फक्त खराब जुड्यांचे पैसे मागितले. एक जुडी ५५ सेंटची, २५ जुड्यांचे १३.७५ डॉलर. "अर्धी पेटी खराब" असे लिहिण्यापेक्षा मोजून लिहिलेला आकडा पुरवठादाराचा हिशोबनीस सहसा वाद न घालता मान्य करतो.

आता बाहेरून आणलेला माल. दुधाचे २ क्रेट २४ डॉलरप्रमाणे ४८ डॉलरना आणि पनीरची २ पाकिटे ३१ डॉलरप्रमाणे ६२ डॉलरना मिळाली, एकूण ११० डॉलर. इथे पुष्कळ जण ११० डॉलरच मागून मोकळे होतात. ते चूक आहे. नाकारलेल्या दूध-पनीरचे पैसे आधीच परत मागितले आहेत, त्यावर बाहेरच्या खरेदीचे पूर्ण पैसे मागितले तर तेवढे दूध-पनीर फुकट मिळाल्यासारखे होईल. मागायचा तो फक्त फरक. तेवढाच माल ठरल्या भावाने ३८ आणि ४८, म्हणजे ८६ डॉलरना मिळाला असता. फरक २४ डॉलर. आणि तोही आणला तेवढ्याच मालाचा, चार क्रेटांचा नव्हे.

एकूण मागणी: १७२ + १३.७५ + २४ = २०९.७५ डॉलर.
इनव्हॉइसवर देणे राहिले: २५९ − २०९.७५ = ४९.२५ डॉलर.

बाहेर पाठवलेल्या माणसाचा वेळ, पेट्रोल, मालकिणीचा मनस्ताप हे यात नाही. जास्तीचा वाजवी खर्च मागता येतो, पण लहान रकमांसाठी तो मागितला की सरळ मागणी वादाची होऊन बसते. जेवणच रद्द झाले असते तर बुडालेल्या नफ्याचा प्रश्न आला असता. पण पुष्कळ पुरवठादारांच्या अटींत असा नफा देणार नाही असे आधीच लिहिलेले असते. त्या अटी इनव्हॉइसच्या मागे किंवा उधारीचे खाते उघडताना सही केलेल्या अर्जात असतात. एकदा शांतपणे वाचून ठेवाव्यात. त्यातच नाशवंत मालाची तक्रार किती तासांत करावी हेही असते, आणि ती मुदत बऱ्याचदा एखाद्या दिवसाचीच असते.

ई-मेलचा नमुना

प्रत्यक्षात हा मजकूर इंग्रजीत जाईल. प्रत्येक वाक्याचे काम कळावे म्हणून इथे मराठीत देत आहोत. तो सेल्समनला पाठवावा आणि प्रत पुरवठादाराच्या अकाउंट्स विभागाला द्यावी. सेल्समन एकटाच असेल तर तो गावाला गेला की ई-मेलही त्याच्याबरोबर जातो.

विषय: इनव्हॉइस क्र. _____, १२ सप्टेंबर २०२५: उशिरा डिलिव्हरी, नाकारलेला माल, २०९.७५ डॉलरचे क्रेडिट

नमस्कार,

वरील इनव्हॉइसचा माल आज सकाळी ७ ते १० या वेळात यायचा होता (आपला १० सप्टेंबरचा ई-मेल सोबत जोडला आहे). ट्रक दुपारी २:४० ला आला. आम्ही १०:३० ला फोन केला होता व १२:१५ ला ई-मेलने कळवले होते की आजच्या कार्यक्रमापुरता माल दुसरीकडून घेत आहोत.

माल उतरवताना आढळलेली स्थिती:

१. दूध, ४ क्रेट, लॉट क्र. _____: तापमान ५२ अंश फॅरनहाइट. नाकारले, ड्रायव्हरबरोबर परत. ७६.०० डॉलर.
२. पनीर, ४ पाकिटे, लॉट क्र. _____: तापमान ५१ अंश फॅरनहाइट. नाकारले, ड्रायव्हरबरोबर परत. ९६.०० डॉलर.
३. कोथिंबीर, १ पेटी: ६० पैकी २५ जुड्या सडलेल्या. उरलेल्या ठेवून घेतल्या. १३.७५ डॉलर.
४. बाहेरून घेतलेले २ क्रेट दूध व २ पाकिटे पनीर: आपल्या भावापेक्षा जास्त पडलेले २४.०० डॉलर. पावती सोबत आहे.

कांदे व बटाटे चांगल्या स्थितीत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

कृपया या इनव्हॉइसवर २०९.७५ डॉलरचे क्रेडिट मेमो मंगळवार, १६ सप्टेंबरपर्यंत पाठवावे. उरलेले ४९.२५ डॉलर नेहमीच्या मुदतीत देऊ. तसेच आजच्या फेरीची ट्रकच्या तापमानाची नोंद पाठवावी.

सोबत: सही केलेले इनव्हॉइस, ५ फोटो, बाहेरच्या खरेदीची पावती, आपला १० सप्टेंबरचा ई-मेल.

आपला,
(नाव, हॉटेल, खाते क्रमांक, फोन)

हा ई-मेल असाच का

यात रागाचा एकही शब्द नाही हे लक्षात आले असेल. "तुम्ही नेहमीच उशीर करता" हे वाक्य लिहिले की वाद "नेहमी" या शब्दावर जातो. आधीचे उशीर सांगायचेच असतील तर तारखा द्याव्यात. नोंद नसेल तर सोडून द्यावे.

रक्कम विषयाच्या ओळीतच आहे, कारण अकाउंट्समधला माणूस तीच वाचून ठरवतो की हे काम कोणाकडे द्यायचे. इनव्हॉइस नंबरही तिथेच हवा. एका ई-मेलमध्ये एकाच इनव्हॉइसची तक्रार असावी. मागच्या महिन्याची राहिलेली कोबीची तक्रार यात घुसडली की दोन्ही लोंबकळतात.

जे चांगले आले ते चांगले आले असे लिहिले आहे. त्यामुळे बाकीच्या ओळींना वजन येते.

दोष नेमके लिहिले आहेत. पुरवठादाराला दुरुस्त करता आला असता असा दोष तुम्ही सांगितलाच नाहीत, तर नंतर त्याच दोषावर बोट ठेवता येत नाही, असा कायद्याचा नियम आहे. स्वीकारलेल्या मालाबद्दलही वाजवी वेळेत कळवले नाही तर भरपाईचा हक्कच जातो. म्हणजे ई-मेल ही नुसती रीत नाही, हक्क टिकवणारा कागद आहे.

ट्रकच्या तापमानाची नोंद मागण्यालाही आधार आहे. एफ.डी.ए.च्या २०१६ सालच्या अन्नवाहतुकीच्या नियमाप्रमाणे माल घेणाऱ्याने विचारल्यास, तापमान राखले होते हे वाहतूकदाराने दाखवायचे असते. अगदी लहान वाहतूकदारांना यातून सूट आहे. पण नोंद मागितली की चर्चा "तुमचा थर्मामीटर खोटा" यावरून "आमच्या ट्रकचे काय झाले" यावर येते.

उत्तर काय येते आणि पुढे काय

साधारणपणे चार उत्तरे येतात.

"उद्या बदली माल पाठवतो." ठरलेली वेळ अजून संपली नसेल तर दोष दुरुस्त करायची संधी विक्रेत्याला मिळते. आपल्या उदाहरणात वेळ सकाळी दहालाच संपली होती, त्यामुळे बदली माल घेणे न घेणे तुमच्या हातात. घेतलात तर तो नव्या इनव्हॉइसवर घ्यावा आणि जुन्याचे क्रेडिट वेगळे मागावे.

"दूध-पनीरचे देतो, बाहेरच्या खरेदीचा फरक नाही देणार." इथे व्यवहार पाहावा. चोवीस डॉलरसाठी दहा वर्षांचा पुरवठादार तोडायचा की १८५.७५ डॉलर घेऊन पुढे जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मान्य केलेत तर "या इनव्हॉइसचा हिशोब पूर्ण" असे लिहून संपवावे.

"ड्रायव्हर म्हणतो माल चांगला होता." मग सही केलेली प्रत व फोटो पुन्हा पाठवावेत. कोरी सही झाली असेल तर इथेच अडते.

आणि चौथे म्हणजे काहीच उत्तर नाही. दिलेली तारीख उलटली की त्याच ई-मेलला जोडून दोन ओळींची आठवण करावी. नवा ई-मेल सुरू करू नये, म्हणजे पहिली तारीख खाली दिसत राहते.

तरीही क्रेडिट आले नाही तर काय? खरेदीदाराने विक्रेत्याला तसे कळवून नुकसानीची रक्कम त्याच सौद्याच्या देण्यातून वजा करावी, ही सोय युनिफॉर्म कमर्शियल कोडमध्ये आहे. यात दोन शब्द महत्त्वाचे. "कळवून", म्हणजे गुपचूप कमी रकमेचा चेक पाठवायचा नाही. आणि "त्याच सौद्याच्या", म्हणजे या शुक्रवारच्या दुधाचे पैसे पुढच्या आठवड्याच्या बिलातून कापायचे नाहीत. आपल्या उदाहरणात ४९.२५ डॉलरचा चेक, इनव्हॉइस नंबर आणि ई-मेलची प्रत एकत्र पाठवावी.

हे करण्याआधी उधारीच्या अर्जातल्या अटी पाहाव्यात. काही अटींत अशी वजावट करणार नाही असे तुम्ही लिहून दिलेले असते आणि पुष्कळदा मालकाची वैयक्तिक हमीही घेतलेली असते. पूर्ण बिल थांबवले तर पुरवठादार खाते गोठवतो, आणि सणाच्या आठवड्यात रोख मोजल्याशिवाय माल मिळत नाही. वादात नसलेली रक्कम वेळेवर देणे हेच त्यावरचे सर्वात स्वस्त संरक्षण आहे. रक्कम हजारांत असेल तर वकिलाला विचारूनच वजावट करावी.

क्रेडिट मेमो आला की त्यावर इनव्हॉइस नंबर, प्रत्येक वस्तू आणि एकूण रक्कम बरोबर आहे का ते पाहावे. मग महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये तो खरोखर वजा झाला आहे का हेही पाहावे. मेमो दिला पण खात्यात चढवलाच नाही, असेही होते. तोपर्यंत फाइल बंद करू नये.

ब्रिटनमधील वाचकांसाठी

ई-मेलची रीत तीच. इंग्लंडमध्ये थंड ठेवायच्या पदार्थांची कायदेशीर मर्यादा ८ अंश सेल्सियस आहे, म्हणजे अमेरिकेपेक्षा थोडी सैल. धंद्यासाठी केलेल्या खरेदीला १९७९ चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट लागू होतो. त्यातही वाजवी वेळेत नाकारले नाही तर माल स्वीकारला असे धरतात. मात्र दोष इतका किरकोळ असेल की नाकारणे अवाजवी ठरेल, तर धंदेवाईक खरेदीदाराला माल परत करता येत नाही, फक्त भरपाई मागता येते. चार पिवळ्या जुड्यांसाठी अख्खी पेटी परत करायला जाऊ नये.

एक शेवटची सूचना. वरचा नमुना आपल्या हॉटेलच्या नावाने इंग्रजीत तयार करून कॉम्प्युटरवर ठेवावा आणि थर्मामीटर, पेन व इनव्हॉइसची फाइल मागच्या दाराजवळ एकाच खणात ठेवावी. माल उतरवून घेणाऱ्या मुलाला, मग तो तुमचा भाचा असो की शाळेतून सुटून आलेला कामगार, एवढे एकच पक्के सांगावे: आधी मोजायचे, मग लिहायचे, आणि सही सर्वात शेवटी.

कळावे, लोभ असावा.

संपादक मंडळ